काकड्यासाठी नवा अभंग : उजेड, थंडी आणि संथ चाल

वेण्णाकाठ
आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो. पहाटे पाचला घंटा होते. वीस-पंचवीस माणसं जमतात, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. पखवाज, पेटी आणि टाळ. संतांचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी यांचा क्रम ठरलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. पण प्रत्यक्ष काकडा ओवाळला जातो तेवढ्या वेळात यंदा एक नवी रचना म्हणायची असं आमच्या महिला भजनी मंडळानं ठरवलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सांगितलंय इतकंच: चाल संथ हवी, सगळ्यांना म्हणता आली पाहिजे आणि ऐकताना उजेडाची ऊब वाटली पाहिजे.

पहिलं कडवं असं झालंय:

सहस्र दीपांच्या । तेजस्वी प्रकाशे ।
गर्भगृह भासे । सुवर्णाचे ॥

सहा-सहा-सहा-चार, अक्षरं मोजून घेतली आहेत. वाचायला ठीक वाटतं, पण पेटीवर संथ म्हणायला बसलं की ओढाताण होते. कशामुळे होत असेल?

सुरेल_सदू
ताई, कारण सरळ आहे. तुम्ही अक्षरं मोजलीत, मात्रा मोजल्या नाहीत. लघु-गुरूचा हिशेब लावा. प्रत्येक चरणात मात्रा सारख्या आल्या की चाल आपोआप बसेल. आणि संथच हवं तर विलंबित एकताल घ्या, राग भूप. भूपाळी म्हटल्यावर भूपच.

टाळकरी_अण्णा
सदूभाऊ, एकताल काकड्याला कोण धरणार? पखवाजवाला उठून घरी जाईल. भजनी ठेका आठ मात्रांचा, तोच ठेवा. आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. भूपाळ्या कितीतरी चालींत म्हणतात. गावात ज्या चालीत म्हणत असतील तीच घ्या, नवे शब्द जुन्या चालीवर लोकांच्या लवकर तोंडी बसतात.

मात्रांचं म्हणाल तर अभंगात अक्षरंच मोजायची. ऱ्हस्व असो, दीर्घ असो, जोडाक्षर असो, एक म्हणजे एक. आणि बोलताना आपण गिळतो ती अक्षरंही धरायची. ‘पहाट’ बोलताना ट पाय मोडल्यासारखा येतो, गाताना तो पूर्ण ‘ट’ होतो. म्हणून ती तीन अक्षरं. ताईंचा हिशेब बरोबरच आहे.

पण सदूभाऊ निम्मे बरोबर आहेत. मोजायला लघु-गुरू लागत नाही, गायला लागतं. भजनी ठेक्यात एक चरण आठ मात्रांत बसतो आणि अक्षरं सहा. उरलेल्या दोन मात्रा कुठल्यातरी अक्षरावर लांबवायच्या असतात. जलद चालीत हे कळतच नाही. संथ चालीत मात्र ते अक्षर उघडं पडतं. ‘गाभारा’तला ‘भा’ किंवा ‘रा’ कितीही ओढा, आवाज मोकळा राहतो. ‘सहस्र’मध्ये ओढायला काय आहे? स, ह ऱ्हस्व आणि शेवटी स्र. तिथं थांबलं की दाताशी शिट्टी वाजते. पुढं च्या, स्वी, प्र, र्भ, र्णा. चार चरणांत सहा जोडाक्षरं झाली. पहाटे पाचला, गार हवेत, घसा उघडायच्या आत ही चढण कुणाला जमायची?

वेण्णाकाठ
अण्णा, आत्ता म्हणून पाहिलं. अगदी स्र आणि र्भ पाशीच अडखळतंय. म्हणजे जोडाक्षरं पूर्ण टाळायची?

टाळकरी_अण्णा
पूर्ण नाही. ‘च्या’, ‘ल्या’, ‘ण्या’ ही बोलण्यातली आहेत, जीभ सहज वळते. फक्त लांबवायच्या जागी ऱ्हस्व अक्षर किंवा अवघड जोडाक्षर येऊ देऊ नका. प्रत्येक चरण दीर्घ स्वरावर संपला तर सगळ्यात बरं, कारण बहुतेक चालींत ओढ तिथंच असते. शेवटचा चरण तर चारच अक्षरांचा आणि मात्रा त्याच आठ. तिथं निम्मा वेळ नुसता स्वर असतो.

न्यूजर्सीकर
छान धागा! आमच्या मंडळाची दिवाळी पहाट सकाळी आठला हॉलमध्ये असते. अशा प्रकाशाच्या गाण्यांची यादी मिळेल का? बासरीसोबत चालतील अशी हवीत. एक अडचण सांगते, गेल्या वर्षी आम्ही खरा काकडा पेटवला तर धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दलाची गाडी आली. आता बॅटरीच्या पणत्या वापरतो.

कोकणचो_माणूस
बॅटरीच्या पणतीवर हात फिरवून तोंडावर घेता की नाही? 😄

न्यूजर्सीकर
घेतात हो, सवयीनं.

ओवीवेडी
दिवाळी पहाटेचा वेगळा धागा काढा ना ताई, इथं चांगलं चाललंय.

वेण्णाकाठ, मला जोडाक्षरांपेक्षा चित्राचं जास्त खटकलं. सहस्र दीप कुठे आहेत तुमच्या मंदिरात? पाचला बाहेर मिट्ट काळोख, आत एखादी समई, आणि मग तो कापडाचा पिळा तुपात बुडवून पेटवतात. सगळी गंमत एकाच ज्योतीची आहे. हजार दिवे आणि सोनं म्हटलं की डोळ्यापुढं लायटिंग येतं. उजेड उबदार वाटायला आधी गारवा आणि काळोख लागतो, तो तुमच्या कडव्यात नाहीच. पायाखालच्या फरशीपासून सुरू करून बघा. ‘तेज’, ‘प्रकाश’, ‘दीप्ती’ यांतला एकही शब्द न वापरता लिहायचं असं बंधन स्वतःवर घाला.

वेण्णाकाठ
दोन दिवस लागले. आता चार कडवी आहेत:

अंधार गाभारा । गार गार शिळा ।
पेटतो हा पिळा । कापडाचा ॥१॥

मुखावर आला । उजेड तांबडा ।
पापणीच्या कडा । उमलल्या ॥ध्रु॥

वाफ निघे तोंडी । नाम ओठी येता ।
ऊब लागे हाता । आरतीची ॥२॥

काकडा विझला । राख राहे ताटी ।
कोवळी ती दाटी । किरणांची ॥३॥

ओवीवेडी
‘पेटतो हा पिळा कापडाचा’! याच्यासाठी दोन दिवस थांबले तर काही बिघडलं नाही.

कोकणचो_माणूस
‘गार शिळा’ ऐकून मला कालची भाकरी आठवली. असो. आमच्याकडे रत्नागिरीत कार्तिकात तोंडातून वाफ निघत नाही, घाम निघतो. थंडी म्हणाल तर दव पडतं तेवढंच.

वेण्णाकाठ
आमच्याकडे त्रिपुरीच्या आठवड्यात निघते हो, नदीकाठ आहे. कोजागिरीला नाही निघत हे खरं.

टाळकरी_अण्णा
गाभाऱ्याच्या पाठोपाठ आल्यामुळे शिळा म्हणजे दगडच ऐकू येतो, राहू द्या. बाकी तीन गोष्टी.

पहिली, ‘विझला’ देवळात म्हणू नका. जुनी माणसं म्हणू देणारच नाहीत. दिवा निवतो, शांत होतो. ‘काकडा निवाला’ म्हणा, तीही सहाच अक्षरं आणि शेवट दीर्घ.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. गाथेत बहुधा दुसऱ्या कडव्यावर ध्रु. असतो, म्हणून तुम्ही तिथं घातलात हे कळलं. पण ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं. तुमच्या ध्रुपदात देवाच्या पापण्या उमलतात. एकदा उमलल्या, ठीक. पुढच्या कडव्यानंतर परत उमलल्या. शेवटी काकडा निवल्यावर पुन्हा उमलल्या. एकदाच घडणारी गोष्ट ध्रुपदात घातली की असं होतं. तिथं सतत चालू असलेलं काहीतरी हवं. तुमचं वाफेचं कडवं त्यासाठी तयारच आहे. वाफ प्रत्येक वेळी निघते, नाम प्रत्येक वेळी ओठी येतं, आणि ते म्हणणाऱ्या माणसांचं स्वतःचं आहे. ते ध्रुपद करा, पापण्यांचं कडवं त्याच्यानंतर घ्या.

तिसरी, काकडा किती वेळ जळतो तुमच्याकडे?

वेण्णाकाठ
पिळा केवढा आणि तूप किती यावर आहे. साधारण पाच-सहा मिनिटं धरा. पुजारीकाका मोठा पिळा करत नाहीत, ठिणग्या खाली पडतात म्हणून.

टाळकरी_अण्णा
मग हिशेब करू. मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे घड्याळाच्या सेकंदाबरोबर एक. एक चरण आठ सेकंद, कडवं बत्तीस सेकंद. पुढच्यानं एकदा आणि मागच्यांनी एकदा म्हटलं की चौसष्ट. चार कडव्यांना सव्वाचार मिनिटं. शिवाय ध्रुपद सोडून उरलेल्या तिन्हींनंतर मागचे एकेकदा ध्रुपद म्हणणार, त्याला दीड मिनिट आणखी. सगळं मिळून पावणेसहा ते सहा. पिळ्याच्या वेळात काठावर बसतंय. पाचवं कडवं लिहायचा मोह झाला तर आवरा.

यापेक्षा संथ मात्र करू नका. साठाच्या ऐवजी चाळीसवर नेलंत तर एका चरणाला बारा सेकंद लागतात. साठीच्या माणसाचा दम पहाटेच्या गारठ्यात तेवढा पुरत नाही, मग चरणाच्या मध्येच श्वास घेतात आणि शब्द तुटतो. ‘गार गा… र शिळा’ असं काहीतरी होतं.

सुरेल_सदू
पण मग याला संथ म्हणायचं का? साठ म्हणजे मध्यलयच झाली.

टाळकरी_अण्णा
मैफलीत असेल. गर्दीनं म्हणायच्या भजनात साठ ही संथच. आणि गाणाऱ्याला लय मात्रेवरून कळत नाही, एका अक्षराला किती वेळ मिळतो त्यावरून कळते. सहा अक्षरांना आठ सेकंद म्हणजे भरपूर.

ओवीवेडी
माझा एक प्रश्न राहिलाय. शेवटचं कडवं. काकडा पाचला सुरू. ओवाळणं पहिल्या अर्ध्या तासात होत असेल. किरणांची दाटी कुठून आणली? आपल्या भागात कोजागिरीच्या सुमारास सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास, त्रिपुरीपर्यंत तो आणखी दहा-पंधरा मिनिटं मागे जातो. सव्वापाचला पूर्वेकडे पांढुरकी रेघसुद्धा धड नसते. डोळे मिटून म्हणणाऱ्याला चालेल, पण दाराशी बसलेली म्हातारी बाहेर बघते तेव्हा तिथं चांदण्याच असतात.

कोकणचो_माणूस
कवितेत एवढं घड्याळ कशाला? भाव बघा.

ओवीवेडी
भावच बघतेय. पहिल्या कडव्यात फरशी गार आहे, पिळा कापडाचा आहे, सगळं तिथंच समोर दिसतंय. शेवटी एकदम सूर्य आणला तर आधीचंही खोटं वाटायला लागतं. किंवा मग हा अभंग शेवटच्या गौळणीनंतर म्हणा, तेव्हा खरंच उजाडलेलं असेल. पण तेव्हा काकडा नसेल.

भीमातीर
उशिरा येतोय. कार्तिकी एकादशीचं एक लक्षात ठेवा. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात, प्रक्षाळपूजा होईपर्यंत देव निजत नाही, दर्शन रात्रंदिवस चालू असतं. तुमच्या गावात तसं पाळत असतील तर त्या दिवसांत ‘पापणीच्या कडा उमलल्या’ म्हणायचं का, हे विचारून घ्या. शिवाय चातुर्मास कार्तिकीला संपतो. कोजागिरीपासून एकादशीपर्यंत देव निजलेला आणि पुढचे चार-पाच दिवस जागा, असा तुमचा महिना दुभंगतो. जुन्या भूपाळ्यांना कुणी असं विचारत नाही, त्या रोजच्या आहेत. नव्या रचनेला मात्र लोक विचारतात.

वेण्णाकाठ
पुजारीकाकांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या देवळात पलंग वगैरे नाही, काकडा महिनाभर एकसारखाच, म्हणा खुशाल. पण मंडळातल्या एका काकूंना भीमातीर यांचं म्हणणं पटलंय. त्या म्हणतात, एकादशीनंतर ते कडवं गाळून तीनच म्हणू. बघू काय ठरतं.

शेवटचं कडवं बदललं:

काकडा निवाला । राहिली समई ।
तेवते विठाई । तिच्यापाशी ॥

सूर्य काढून टाकला. आता मोठी ज्योत जाते आणि लहान राहते.

ओवीवेडी
‘तेवते विठाई’ म्हणजे दिव्याऐवजी तीच तेवते. ताई, हे राहू द्या, आता कुणाचं ऐकू नका.

टाळकरी_अण्णा
समई-विठाई यमक कानाला गोड आहे. ‘ई’वर ओढताना मात्र बायकांचा आवाज वर चढतो आणि चिरका होतो. म्हणून सूर खालचा घ्या. रोज संध्याकाळी ज्या पट्टीत म्हणता त्यापेक्षा एक-दीड सूर उतरून. पहाटे गळा जड असतो. आणि पहिली दोन कडवी पंचमाच्या वर नेऊच नका. मुखावर उजेड येतो त्या कडव्यात काय तो वरचा षड्ज घ्या. शेवटी पुन्हा खाली.

वेण्णाकाठ
काल सात जणींनी घरी म्हणून पाहिलं. सुरुवात छान झाली, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही धावत होतो. मोबाइलवर वेळ लावली होती, पहिल्या कडव्याला बत्तीसच्या आसपास सेकंद आणि शेवटच्याला चोवीस. पखवाजवाला म्हणतो मी वाढवली नाही, तुम्ही ओढलंत.

टाळकरी_अण्णा
दोघंही खरं बोलताय. मागचे लोक पुढच्याची ओढ पूर्ण होऊ देत नाहीत. सातव्या मात्रेवरच उचलतात. प्रत्येक वेळी थोडं थोडं खाल्लं जातं आणि पखवाजवाला बिचारा त्यांच्या मागे जातो. थंडीत तर हे होतंच, अंग हलवून ऊब यावी म्हणून टाळ जोरात पडतात. पहिल्या दोन कडव्यांना सगळे टाळ बंद ठेवा, एकानंच वाजवायचे आणि तेही समेवर आणि पाचव्या मात्रेवर. बाकीच्यांनी हात जोडून बसायचं. ‘मुखावर आला’ला सगळे टाळ उघडा. उजेड वाढतो तो ऐकूही येतो, आणि लय वाढवायची खाजही तिथं भागते.

पखवाजाचं आणखी एक. दवात पुडी उतरते. रात्री मंदिरात ठेवू नका, घरी न्या आणि पहाटे आल्यावर पेटीशी सूर लावून घ्या. तुम्ही सूर खाली घेणार आहात हे त्याला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर तो आयत्या वेळी हातोडी घेऊन बसेल.

सुरेल_सदू
देसकारात चाल बांधली तर? स्वर भूपाचेच, पण सकाळचा राग. माझा भूपही सुटणार नाही. 😊

टाळकरी_अण्णा
देसकाराचा जोर वरच्या स्वरांवर, धैवतावर. मी आत्ताच त्यांना खाली राहा म्हणालो. एकट्यानं गायला सुंदर होईल, पंचवीस जणांना नाही. तरी बांधून टाका ना इथं, ऐकू आम्ही.

भीमातीर
नाममुद्रेचं काय ठरलं? अभंग आहे तर शेवटच्या कडव्यात कुणाचं तरी नाव हवं. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तो एखाद्या संताच्या नावावर खपवेल. असे कितीतरी अभंग फिरतात.

वेण्णाकाठ
तोच वाद चालू आहे आमच्यात. माझं नाव घालायला मला संकोच वाटतो, आणि ‘विठाई’च्या कडव्यात ते घुसवायला जागाही नाही. एक सूचना आली की गावाचं नाव घाला. दुसरी, ‘दासी म्हणे’ घाला. अण्णांनी पाचवं कडवं लिहू नका म्हणून सांगितलंय.

ओवीवेडी
मी म्हणेन नाव नकोच. वहीत तारीख आणि मंडळाचं नाव लिहून ठेवा, गाण्यात कशाला?

भीमातीर
वही हरवते, गाणं राहतं. मी नावाच्या बाजूनं.

टाळकरी_अण्णा
यात मी पडत नाही. नाव घालायचंच असेल तर पापण्यांच्या कडव्याच्या जागी नावाचं कडवं घ्या, म्हणजे काकूंचा एकादशीचा प्रश्नही सुटेल आणि वेळही तेवढाच राहील. पण मग वरचा षड्ज कुठं घ्यायचा हे नव्यानं ठरवावं लागेल.

वेण्णाकाठ
मंडळाची बैठक गुरुवारी आहे. तोवर आहे तसंच म्हणतोय, नावाशिवाय. रेकॉर्डिंग केलं तर इथं टाकते. सदूभाऊ, तुमच्या देसकाराचीही वाट बघतेय.

न्यूजर्सीकर
आमच्या हॉलमध्ये म्हटलं तर चालेल का? पिळ्याच्या कडव्याला काय करू ते मात्र सांगा, तो आम्हाला पेटवता येत नाही.